एका बसवर पाच जण बोलायला लागले की: ट्राय-स्टेट बफर आणि बसवरचं भांडण

३७ अधिक २१ किती? माझ्या ब्रेडबोर्डवरच्या आठ बिटच्या कॉम्प्युटरने उत्तर दिलं ३२. रीसेट करून परत चालवला, परत ३२. त्याआधी मी ५ अधिक ० करून बघितलं होतं तेव्हा बरोबर ५ आलेले, म्हणून माझी समजूत अशी की बेरीज करणारा भाग नीट आहे आणि कुठेतरी एखादी वायर सैल असणार. दोन संध्याकाळी वायरी दाबून बघण्यात गेल्या. मग सहज बोट लागलं तर ए रजिस्टरचा आयसी चांगलाच तापलेला, आणि पॉवर सप्लायवरचा करंट बघितला तर नेमक्या त्या बेरजेच्या पायरीला आकडा एकदम वर उडी मारत होता. पुढची पायरी आली की परत खाली. तेव्हा कळलं की ही वायर नाही, बसवर दोन जण एकाच वेळी बोलतायत.

हे नक्की काय होतं आणि ते होऊ नये म्हणून काय करायचं, एवढंच या लेखात आहे. रजिस्टर म्हणजे काय आणि क्लॉक म्हणजे काय एवढं माहीत असलं तरी पुरे.

आधी बस. माझ्या मशीनमध्ये पाच जण बसवर डेटा टाकू शकतात: प्रोग्रॅम काऊंटर, ए रजिस्टर, बेरीज करणारा एएलयू, रॅम आणि इन्स्ट्रक्शन रजिस्टर. प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे वेगळ्या आठ वायरी न्यायच्या ठरवल्या तर ब्रेडबोर्ड दिसायचाच नाही, म्हणून सगळ्यांसाठी मिळून आठच वायरी ठेवतात आणि त्या पाळीपाळीने वापरतात. ऐकणारे कितीही असू देत, दोन रजिस्टरांनी एकाच वेळी बसवरचा डेटा उचलला तर काही बिघडत नाही. बोलणारा मात्र एका वेळी एकच पाहिजे.

साध्या गेटला गप्प बसता येत नाही, अडचण तिथेच आहे. त्याच्या आऊटपुटला आत दोन ट्रान्झिस्टर असतात, वरचा लाईनला ५ व्होल्टकडे ओढतो आणि खालचा ग्राऊंडकडे, आणि दोघांपैकी एक कायम चालू असतो. म्हणजे साधं गेट कायम १ तरी म्हणतंय नाहीतर ० तरी. ट्राय-स्टेट बफरमध्ये आणखी एक पिन दिलेली असते, आऊटपुट इनेबल, डेटाशीटमध्ये `OE` लिहिलेली, आणि ती बंद केली की वरचा आणि खालचा दोन्ही ट्रान्झिस्टर बंद होतात. मग ती लाईन आयसीला जोडलेली असूनही आतून सुटल्यासारखी होते, आयसी तिला कुठेच ओढत नाही. हीच ती तिसरी अवस्था. (ट्राय-स्टेट हे नाव नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीचा ट्रेडमार्क होता, म्हणून बाकीच्या कंपन्यांच्या डेटाशीटमध्ये तीच गोष्ट `3-state` अशी लिहिलेली दिसते, दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजू नका.) आणि बहुतेक सगळ्या आयसींमध्ये ही पिन उलटी असते, म्हणजे ० दिला की चालू आणि १ दिला की बंद, हे पुढे कामाला येणार आहे.

आता माझ्या ३२ कडे येऊ. ज्या पायरीला एएलयूने उत्तर बसवर टाकायचं होतं त्या पायरीच्या कंट्रोल शब्दात, म्हणजे त्या पायरीला कोणी काय करायचं ते सांगणाऱ्या बिटांमध्ये, मी चुकून ए रजिस्टरचा पण इनेबल बिट चालू ठेवला होता. ए मध्ये ३७ आणि एएलयूकडे ५८, दोघंही बसवर.

```
A    = 37 = 00100101
ALU  = 58 = 00111010
बस   = 32 = 00100000
```

नीट बघा, जिथे दोघांचा बिट सारखा आहे तिथे काहीच भांडण नाही. वरचे तीन बिट जुळतात, ते बरोबर आले. खालच्या पाचही बिटांवर एक जण १ म्हणतोय आणि दुसरा ०, आणि तिथे सगळीकडे ० आला. हे योगायोगाने नाही झालं. माझे आयसी 74LS जातीचे होते, आणि त्या जातीत वरच्या ट्रान्झिस्टरच्या रस्त्यात आत एक रेझिस्टर असतो तर खालचा मात्र लाईनला घट्ट खाली ओढतो, म्हणून रस्सीखेच झाली की बहुतेक वेळा खालचा जिंकतो. त्यामुळे LS वर बांधलेल्या मशीनमध्ये चुकीचं उत्तर जर दोन आकड्यांचं बिटवार अँड केल्यासारखं दिसलं तर बाकी काही शोधण्याआधी दोन इनेबल एकदम चालू नाहीत ना ते बघा. आणि ५ अधिक ० का बरोबर आलं तेही आता दिसतं. ए मध्ये ५, एएलयूकडे पण ५, दोघं एकच गोष्ट बोलत होते. चूक तेव्हाही होतीच, फक्त दिसत नव्हती, आणि मी नेमका तोच आकडा टेस्टला घेतला होता.

74HC जातीत चित्र वेगळं दिसतं. तिथे वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर जवळपास सारख्याच ताकदीचे असतात, चालू असताना ढोबळमानाने चाळीसेक ओहमचे रेझिस्टर समजा. एक वर ओढतोय आणि दुसरा खाली, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राऊंडमध्ये ८० ओहम लावल्यासारखं झालं, एका लाईनमधून साधारण ६० मिलिअँप वाहणार आणि लाईन मध्येच अडीच व्होल्टच्या आसपास लटकणार. ते १ पण नाही आणि ० पण नाही, वाचणारा प्रत्येक आयसी आपापल्या मनाने ठरवणार. 74HC574 सारख्या आयसीत एका आऊटपुटची कमाल मर्यादा ३५ मिलिअँप असते आणि सप्लायच्या पिनमधून सगळं मिळून ७०. माझ्यासारखे पाच बिट भांडले तर हिशोबाने ३०० मिलिअँप झाले. आयसी लगेच धूर सोडेलच असं नाही, बरेचदा तो फक्त तापतो आणि तसाच चालत राहतो, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लपून राहू शकते.

आता उपाय. पहिला विचार मनात येतो तो म्हणजे कंट्रोल शब्द नीट तपासून लिहायचा, चूकच करायची नाही. मीही तेच केलं, तो एक बिट दुरुस्त केला, ५८ आलं, आणि चार दिवसांनी दुसऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये तशीच चूक परत केली. पाच वेगवेगळ्या इनेबल वायरी असल्या की त्यांच्या चालू-बंदच्या ३२ जोड्या होतात आणि त्यातल्या फक्त सहाच बिनधोक असतात, एकही चालू नाही ती एक आणि एकेकटा चालू असलेल्या पाच. बाकीच्या २६ मध्ये भांडण आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने प्रत्येक ओळीला सावध राहायचं, आणि शिवाय पॉवर चालू होताना कंट्रोलच्या बिटांमध्ये काय कचरा येईल ते कोणाच्याच हातात नाही. त्यापेक्षा चुकीची जोडी लिहिताच येऊ नये अशी रचना करणं चांगलं.

त्यासाठी 74HC138 हा डीकोडर लावायचा. हा तीन बिटांचा नंबर घेतो आणि आठ आऊटपुटांपैकी त्या नंबरचं एकच ० करतो, बाकी सात १ राहतात. ओई पिनांना चालू व्हायला ० च लागतो, त्यामुळे मध्ये एकही इन्व्हर्टर न घालता आऊटपुट सरळ जोडता येतात. पाच इनेबल बिटांच्या जागी कंट्रोल शब्दात आता तीन बिटांचा एक नंबर आहे, "कोण बोलणार" एवढंच सांगणारा:

```
000  कोणीच नाही
001  प्रोग्रॅम काऊंटर
010  ए रजिस्टर
011  एएलयू
100  रॅम
101  इन्स्ट्रक्शन रजिस्टर
```

शून्य नंबरला मुद्दाम कोणीच जोडलेलं नाही, कारण ज्या पायरीला बस लागतच नाही तिथे गप्प राहायचा एक कायदेशीर मार्ग पाहिजे. आता मी कंट्रोल शब्दात कितीही गडबड केली तरी फार तर चुकीचा माणूस बोलेल, दोघं बोलणार नाहीत. पॉवर चालू होताना नंबर काहीही येऊ दे, फार तर एकच जण चालू होईल. कंट्रोलचे दोन बिट वाचले हा वरचा फायदा.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, ज्यांची ओई पिन डीकोडरऐवजी मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून चालते त्यांच्यासाठी. मायक्रोकंट्रोलर रीसेटमध्ये असताना त्याच्या पिना बहुधा इनपुट असतात, म्हणजे तुमची ओई लाईन तेवढा वेळ हवेत लटकते आणि बफर चालू की बंद ते कोणीच सांगू शकत नाही. प्रत्येक ओईला ५ व्होल्टकडे १० किलोओहमचा एक रेझिस्टर लावा, म्हणजे कोणी काही सांगेपर्यंत बफर बंद राहतो.

इथपर्यंत आलं की बरेच जण थांबतात, आणि हळू क्लॉकवर, बटण दाबून एकेक पायरी चालवताना, सगळं झकास चालतं. मग क्लॉक वाढवला की कधीतरी एखादं रजिस्टर उगाचच बदलतं, रोज वेगळं, आणि माणूस हैराण होतो. कारण डीकोडरने कायमचं भांडण मिटवलं पण अदलाबदलीच्या क्षणाचं भांडण अजून तसंच आहे.

ते असं. समजा आधी एएलयू बोलत होता, नंबर 011, आणि आता रॅम बोलणार, नंबर 100. तिन्ही बिट एकदम बदलायला पाहिजेत, पण तीन वायरी तीन लांबीच्या आणि तीन आऊटपुट आपापल्या वेगाचे, त्यामुळे बदल अगदी एकाच क्षणी कधीच पोचत नाही. मध्ये काही नॅनोसेकंद डीकोडरला 001 दिसू शकतो, 010 दिसू शकतो, 111 पण दिसू शकतो, आणि तो बिचारा इमानदारीने त्या नंबरचं आऊटपुट खाली करतो. म्हणजे ज्याचा काही संबंध नाही तो प्रोग्रॅम काऊंटर मधेच एक शब्द बोलून जातो. कंट्रोल शब्द जर सरळ ईईप्रॉममधून येत असेल तर अजून वाईट, कारण 28C64 सारख्या ईईप्रॉमला नवीन पत्ता दिला की खरा डेटा यायला १५० नॅनोसेकंद लागू शकतात आणि तोपर्यंत आऊटपुटवर काहीही नाचू शकतं.

आणि नंबर अगदी स्वच्छ बदलला असं धरलं तरी एक जण बंद व्हायला वेळ घेतो आणि दुसरा चालू व्हायला. डेटाशीटमध्ये हे दोन आकडे वेगळे दिलेले असतात. 74LS245 चं उदाहरण घ्या, चालू व्हायला जास्तीत जास्त ४० नॅनोसेकंद आणि बंद व्हायला २५ ते २८. बघून वाटतं की बंद होणं लवकर होतंय, मग काळजी कशाला. पण ते जास्तीत जास्तचे आकडे आहेत, चालू व्हायला कमीत कमी किती लागतील ते तिथे लिहिलेलं नसतं. तुमच्या पाकिटातला एखादा चपळ आयसी १२ मध्येच चालू झाला आणि शेजारचा आळशी २५ ला बंद झाला, की १३ नॅनोसेकंद दोघं भांडले.

एवढ्याशा वेळाने आयसी जळत नाही. ६० मिलिअँप गुणिले आठ लाईनी, पण दर मायक्रोसेकंदाला १० नॅनोसेकंद म्हणजे एक टक्का वेळ, सरासरी पाचेक मिलिअँप निघतात, त्याने काही तापत पण नाही. त्रास वेगळीकडून होतो. हा करंट फार झटक्यात येतो, आणि ब्रेडबोर्डच्या ग्राऊंड वायरीला इंडक्टन्स असतो, दहा सेंटिमीटरच्या वायरीला साधारण १०० नॅनोहेन्री धरा. त्यातून ५ नॅनोसेकंदात १०० मिलिअँप गेले तर

```
V = L × di/dt = 100 nH × 0.1 A / 5 ns = 2 V
```

म्हणजे त्या आयसीचं ग्राऊंड क्षणभर दोन व्होल्टने वर उचललं जातं. त्या क्षणी त्या आयसीला क्लॉकची स्थिर लाईनसुद्धा खालीवर झाल्यासारखी वाटते, आणि तो नको त्या वेळी डेटा उचलतो. रोज वेगळं रजिस्टर बदलण्याचं कारण बरेचदा हे असतं, आणि माणूस बिचारा त्या रजिस्टरच्या वायरी तपासत बसतो. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनेला खेटून १०० नॅनोफॅराडचा कपॅसिटर लावल्याने फरक पडतो, लावलाच पाहिजे, पण त्याने मूळ भांडण बंद होत नाही.

बंद करायचं असेल तर एकाने गप्प बसायचं, मग थोडी शांतता, मग दुसऱ्याने बोलायचं. या शांततेसाठी 74HC138 मध्ये सोय आधीपासून आहे. त्याची सहा नंबरची पिन `G1`, तिला १ दिला तरच कोणतंही आऊटपुट खाली जातं, ० दिला की आठही आऊटपुट १, म्हणजे बसवर सगळे गप्प. (चार आणि पाच नंबरच्या पिना उलट्या इनेबल आहेत, त्या ग्राऊंडला बांधून टाका.) आता फक्त `G1` ला योग्य वेळी ० करणारा सिग्नल पाहिजे, आणि तो बनवायची मला सगळ्यात आवडलेली पद्धत सांगतो कारण तिला एकही गेट लागत नाही, फक्त एक 74HC74, म्हणजे एका आयसीतले दोन फ्लिप-फ्लॉप.

ऑसिलेटर ४ मेगाहर्ट्झचा घ्यायचा आणि तो दोन्ही फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकला द्यायचा. पहिल्याच्या आऊटपुटला पी म्हणू, दुसऱ्याच्या क्यू. पी दुसऱ्याच्या डी इनपुटला जातो, आणि क्यू उलटा होऊन, म्हणजे त्याच्याच उलट्या आऊटपुटवरून, पहिल्याच्या डी ला परत येतो. याला जॉन्सन काऊंटर म्हणतात. दोघं मिळून चार टप्पे करतात, प्रत्येक २५० नॅनोसेकंदांचा, आणि पूर्ण चक्कर १ मायक्रोसेकंदाची, म्हणजे मशीन १ मेगाहर्ट्झवर चालतं:

```
टप्पा  P Q
S0    0 0   बस शांत
S1    1 0   बस शांत
S2    1 1   एक जण बोलतोय
S3    0 1   तोच बोलतोय
```

यात दर टप्प्याला एकच बिट बदलतो, आणि दोन बिटांच्या चारही जोड्या वापरलेल्या आहेत, त्यामुळे पॉवर चालू होताना कुठूनही सुरुवात झाली तरी तो चुकीच्या चक्रात अडकत नाही. आता क्यू सरळ `G1` ला जोडा. पहिले दोन टप्पे सगळे गप्प, पुढचे दोन टप्पे ज्याचा नंबर आहे तो बोलणार.

कंट्रोल शब्द ईईप्रॉममधून सरळ डीकोडरला न देता मध्ये एका 74HCT574 मध्ये पकडायचा, आणि त्याला क्लॉक द्यायचा पी चा. पी वर जातो S1 च्या सुरुवातीला, म्हणजे बरोब्बर शांततेच्या मध्यावर. मागचा बोलणारा २५० नॅनोसेकंद आधीच गप्प झालाय आणि पुढचा अजून २५० नॅनोसेकंद बोलणार नाहीये. नंबर बदलताना डीकोडरच्या आत कितीही खळबळ होऊ दे, `G1` शून्य असल्यामुळे बाहेर काहीच येत नाही. (HCT का म्हणाल तर ईईप्रॉमच्या आऊटपुटची हमी २.४ व्होल्टपर्यंतचीच असते आणि HC ला १ समजायला साडेतीन लागतात, HCT ला २ पुरतात.)

डेटा उचलणाऱ्या रजिस्टरांना क्लॉक द्यायचा पी च्या उलट्या आऊटपुटचा. तो वर जातो S3 च्या सुरुवातीला. म्हणजे बोलणाऱ्याने बोलायला सुरुवात केल्यावर २५० नॅनोसेकंदांनी उचलायचं, आणि उचलल्यावरही तो अजून २५० नॅनोसेकंद बोलत राहतो, त्यामुळे डेटा हातातून निसटायचा प्रश्न येत नाही. पायऱ्या मोजणारा काऊंटर पण याच कडेला पुढे सरकवा, म्हणजे ईईप्रॉमला नवीन पत्त्यावर स्थिर व्हायला S3 आणि S0 मिळून ५०० नॅनोसेकंद मिळतात, लागतात १५०.

हे पुरतं का ते एकदा मोजून बघू. डीकोडरला तीसेक नॅनोसेकंद, बफरला चालू किंवा बंद व्हायला चाळीसेक, ब्रेडबोर्डच्या नावाने थोडे आणखी, १०० धरा. बंद होऊन शांत व्हायला १०० लागतात आणि शांतता आहे ५०० ची. चालू होऊन डेटा स्थिर व्हायला १०० आणि उचलायच्या आधी मिळतात २५०. ऑसिलेटर ८ मेगाहर्ट्झचा लावला तर टप्पा १२५ नॅनोसेकंदांचा होतो, कागदावर तरी अजून जमतं, पण हातात उरतात फक्त २५ आणि उचलणाऱ्या रजिस्टरला डेटा आधी येऊन थांबलेला पाहिजे असतो तो वेळही त्यातच बसवायचा, त्यामुळे ब्रेडबोर्डवर मी त्याच्या पुढे जाणार नाही.

अर्धा वेळ बस गप्प ठेवायची म्हणजे अर्धा वेळ वाया गेला असं वाटेल, आणि पहिल्यांदा मलाही ते खटकलं होतं. पण तसंही त्या अर्ध्या वेळात ईईप्रॉम स्थिर होतोय आणि नंबर बदलतोय, बसवर बरोबर डेटा येणारच नव्हता.

शांततेचा मात्र एक परिणाम आहे जो आधी माहीत असलेला बरा. सगळे गप्प असताना बसच्या लाईनी कोणीच ओढत नाही, आणि प्रत्येक लाईन म्हणजे एक छोटा कपॅसिटर, ५० पिकोफॅराड वगैरे. HC च्या इनपुटमधून जवळजवळ काहीच करंट जात नाही, त्यामुळे शेवटी बोललेला आकडा त्या लाईनींवर तसाच साठून राहतो. मी एकदा एक पायरी लिहायला विसरलो होतो, कोणीच बोलत नव्हतं तरी बी रजिस्टरमध्ये बरोबर आकडा येत होता, कारण मागच्या पायरीचा आकडा बसवर शिल्लक होता. क्लॉक बटणावर घेऊन हळू चालवला की मात्र कधी बरोबर कधी चूक. हे टाळायला प्रत्येक लाईनला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर ग्राऊंडकडे लावा. ४.७ किलो गुणिले ५० पिको म्हणजे २३५ नॅनोसेकंद, त्यामुळे शांततेच्या ५०० मध्येच लाईन बऱ्यापैकी खाली येते आणि पूर्ण चक्कर कोणी बोललं नाही तर नक्की ० होते. चालू असलेल्या बफरला यामुळे जेमतेम १ मिलिअँप जास्त द्यावा लागतो. मी ग्राऊंडकडेच ओढतो कारण माझ्याकडे आठही शून्य म्हणजे "काही करू नका" ही इन्स्ट्रक्शन आहे. LS वापरत असाल तर असं करू नका, LS चं इनपुट स्वतःच ०.४ मिलिअँपपर्यंत बाहेर ढकलतं, तीन-चार इनपुट असले की ४.७ किलोवर लाईन ० म्हणण्याइतकी खाली येतच नाही. तिथे रेझिस्टर ५ व्होल्टकडे लावा आणि गप्प बस म्हणजे आठही एक असं धरून चाला.

आता समोर मशीन आहे, काहीतरी बिघडलंय, आणि मल्टिमीटर लावल्यावर बसच्या एका लाईनवर २.३ व्होल्ट दिसतात. दोन शक्यता आहेत, एकतर दोघं भांडतायत नाहीतर कोणीच बोलत नाहीये आणि लाईन हवेत लटकतेय. मीटरवर दोन्ही सारखंच दिसतं. क्लॉक थांबवा, १ किलोओहमचा एक रेझिस्टर घ्या, एक टोक त्या लाईनला लावा आणि दुसरं टोक आधी ५ व्होल्टला आणि मग ग्राऊंडला टेकवून बघा. लाईन मोकळी असेल तर रेझिस्टरच्या मागे सरळ वर जाईल आणि सरळ खाली येईल. भांडण चालू असेल तर तिथे चाळीस-चाळीस ओहमचे दोघे ताकद लावून बसलेत, तुमच्या १ किलोला ते दादच देत नाहीत, मीटरचा आकडा पाचशे मिलिव्होल्ट पण हलत नाही, फार तर चाळीस-पन्नास. भांडण आहे हे कळलं की मग एकेका आयसीची ओई पिन मोजायची, ज्या दोन पिना एकदम ० दिसतील ते दोघं. आणि दोन्ही पिना बरोबर असूनही भांडण दिसत असेल तर वायर आयसीच्या नेमक्या ओई पिनेपर्यंत पोचलीय का बघा, 74HC173 ला ओई पिना दोन असतात, एक आणि दोन नंबरच्या, आणि एक उघडी राहिली तर तो मनाला येईल तेव्हा चालू होतो.

रेझिस्टरची युक्ती फक्त थांबलेल्या मशीनवर चालते. अदलाबदलीच्या क्षणाचं भांडण बघायला ऑसिलोस्कोप लागतो. एक प्रोब जाणाऱ्याच्या ओईवर, दुसरा येणाऱ्याच्या, आणि ट्रिगर `G1` वर. दोन्ही ओई एकदम खाली असलेला एक नॅनोसेकंद पण दिसता कामा नये, मध्ये ती ५०० ची मोकळी जागा स्वच्छ दिसली पाहिजे. टेस्टला 011 वरून 100 वर जाणारी पायरी मुद्दाम लिहा कारण तिन्ही बिट तिथेच उलटतात, आणि डेटाही असा निवडा की एकाचा प्रत्येक बिट दुसऱ्याच्या उलट असेल, एएलयूकडे 01010101 आणि रॅममध्ये 10101010. ५ अधिक ० सारखी टेस्ट काहीच दाखवत नाही.

सिम्युलेटरमध्ये बघत असाल तर तिथे हे सोपं आहे. व्हेरिलॉगमध्ये बफर असा लिहितात:

```verilog
assign bus = a_oe   ? a_q   : 8'bz;
assign bus = alu_oe ? alu_q : 8'bz;
```

दोन्ही ओई १ झाले की ज्या बिटांवर मतभेद आहे तिथे `x` दिसतो, माझ्या ३७ आणि ५८ ला बस `001xxxxx` अशी दिसेल. पण इथेही सारख्या बिटांवर `x` येत नाही, त्यामुळे `x` शोधत बसण्यापेक्षा एकापेक्षा जास्त ओई चालू असेल तर ओरडणारी एक ओळ टेस्टबेंचमध्ये टाका.

आणि हाच कोड एफपीजीएवर घालणार असाल तर हे लक्षात घ्या की आजकालच्या एफपीजीएच्या पोटात ट्राय-स्टेट बफर नसतातच, ते फक्त बाहेरच्या पिनांवर असतात. जुन्या झायलिंक्सच्या स्पार्टन-२ आणि व्हर्टेक्समध्ये आत पण होते, नंतर काढून टाकले. टूल तुमच्या `z` वाल्या ओळी वाचून गुपचूप मल्टिप्लेक्सर बनवून टाकतं, किंवा एररच देतं. तिथे सरळ `case` लिहून मल्टिप्लेक्सरच बनवावा, त्यात दोन जण एकदम बोलूच शकत नाहीत आणि शांततेची पण गरज नाही. ब्रेडबोर्डवर मात्र पाच जणांच्या आठ-आठ म्हणजे चाळीस वायरी मल्टिप्लेक्सरपर्यंत ओढाव्या लागतात, आणि माझ्याकडे तेवढी जागा नव्हती, म्हणून मी आठ वायरी, एक 138 आणि एक 74 यावरच राहिलो.